तारे पुसलेला फोटो खोटा असतो का?



दिवाळीनंतरच्या पालकसभेत मी वर्गाच्या फळ्यावर दोन फोटो लावले होते. दोन्ही आकाशाच्या एकाच तुकड्याचे. पहिल्यात तारेच तारे, तांदूळ सांडल्यासारखे, आणि त्यांच्यामागे कुठेतरी लालसर धूर. दुसऱ्यात एकही तारा नाही, नुसते लाल आणि निळसर-हिरवे धागे, ओढणी वाऱ्यावर उडावी तसे. फोटो काढला होता आमच्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने. एक पालक दुसऱ्या फोटोपाशी थांबले आणि म्हणाले, "सर, हा तर खोटा आहे. आकाशात तारे नसतात होय?"

दुसरे एक पालक लगेच म्हणाले, "मला तर हाच आवडला. पहिल्यात काही दिसतच नाही."

मला दोघांचंही म्हणणं अर्धंच पटलं. त्या दिवशी वेळ नव्हता, म्हणून सविस्तर उत्तर इथे लिहितोय. माझं मत आधीच सांगतो. तारे काढणं ही लबाडी नाही. पण तारे काढलेला फोटो एकटाच भिंतीवर लावू नये, आणि तो कसा बनला हे ठाऊक नसताना मुलांना "हे बघा खरं आकाश" असं तर मुळीच सांगू नये.

आधी फोटो कशाचा ते सांगतो. हंस तारकासमूहात 'व्हेल' नावाचा तेजोमेघ आहे, व्हेल म्हणजे ओढणी. एका मोठ्या ताऱ्याचा दहा ते वीस हजार वर्षांपूर्वी स्फोट झाला, त्याचं कवच अजून पसरतंय, आणि वाटेतल्या वायूवर आदळून चमकतंय. अंतर साधारण २४०० प्रकाशवर्षं. आकाशात त्याचा व्याप सुमारे तीन अंश, म्हणजे सहा पौर्णिमेचे चंद्र ओळीने ठेवले तर जेवढी जागा लागेल तेवढा. विल्यम हर्शल यांनी १७८४ साली तो पहिल्यांदा पाहिला. आपल्याकडे पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये दिवेलागणीनंतर हा भाग जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून आमच्या पोराने तो निवडला. शहरापासून लांब एका माळावर त्याने ३६० मिलिमीटर नाभीय अंतराच्या छोट्या दुर्बिणीला कॅमेरा लावून तीन-तीन मिनिटांचे चाळीस फोटो घेतले आणि संगणकावर एकत्र केले. दोन तासांचा प्रकाश.

आता अडचण बघा. हंस समूह आकाशगंगेच्या पट्ट्यातच आहे. तिथे तारे इतके दाट आहेत की व्हेलचे धागे त्यांच्या गर्दीत हरवतात. शिवाय कॅमेऱ्यातून आलेला मूळ फोटो जवळजवळ काळा दिसतो, कारण तेजोमेघाचा उजेड मोजपट्टीच्या अगदी तळाशी असतो. तो डोळ्यांना दिसावा म्हणून तळाच्या आकड्यांना वर ताणावं लागतं. याला इंग्रजीतला 'स्ट्रेच' हाच शब्द सगळे वापरतात. पण ताणताना तारेही ताणले जातात. ते आधीच तेजस्वी असतात, त्यामुळे त्यांच्या कडेचा फिकट उजेडही वर येतो आणि बारीक ठिपक्याचा पांढरा गोळा होतो. धागे दिसेपर्यंत ताणलं तर ताऱ्यांचे लाडू होतात. तारे नाजूक ठेवले तर धागे दिसत नाहीत. दोघांना वेगवेगळं ताणायचं असेल तर दोघांना आधी वेगळं करावं लागणार. तारे काढण्यामागचं कारण हे आहे. ते फेकून देण्यासाठी काढायचे नसतात, बाजूला ठेवण्यासाठी काढायचे असतात.

वेगळं कसं करतात, हे सातवी-आठवीच्या मुलांना वहीच्या एका ओळीत दाखवता येतं. मी दाखवलंय. फोटो म्हणजे शेवटी आकड्यांचा तक्ता. त्यातली एकच आडवी ओळ घ्या:

```
12 13 12 30 13 12 14 60 210 70 14 13 12
```

आजूबाजूचे बारा-तेरा म्हणजे आकाशाची पार्श्वभूमी. ६०, २१०, ७० हा तारा, तीन चौकटी रुंद. आणि चौथ्या जागेवरचा एकटा ३० हा व्हेलचा एक बारीक धागा. आता मुलांना सांगा, प्रत्येक आकड्याच्या जागी तो स्वतः, डावीकडचे तीन आणि उजवीकडचे तीन अशा सात आकड्यांचा मध्यक लिहा. मध्यक तर आपण शिकवतोच. २१० पाशी सात आकडे येतात १२, १४, ६०, २१०, ७०, १४, १३. चढत्या क्रमाने लावले की मधला येतो १४. तारा गेला! ६० आणि ७० पाशीही १४ च येतो. मुलं खूश होतात.

इथे त्यांना थोडं थांबवा आणि विचारा, सातच का? पाच का नाही? पाचाचा मध्यक काढला तर २१० पाशी १४, ६०, २१०, ७०, १४ असे आकडे येतात आणि मधला निघतो ६०. तारा तसाच राहतो. कारण पाचांत तिघं ताऱ्याचे, बहुमत त्यांचंच. खिडकी ताऱ्याच्या दुपटीपेक्षा रुंद हवी, हे मुलं स्वतःच शोधून काढतात.

मग त्यांचं लक्ष चौथ्या जागेकडे वळवा. ३० पाशी सात आकडे १२, १३, १२, ३०, १३, १२, १४. मधला १३. धागाही गेला! जो दाखवण्यासाठी एवढा खटाटोप, तोच पुसला गेला. मध्यकाला तारा आणि धागा यातला फरक कळत नाही. त्याला फक्त 'रुंद' आणि 'अरुंद' कळतं.

म्हणून मास्क लागतो. रंगारी भिंत रंगवताना स्विचबोर्डवर कागद चिकटवतो, तसंच. फोटोच्याच मापाचा एक काळा-पांढरा तक्ता बनवायचा. जिथे तारा तिथे १, बाकी सगळीकडे ०. बदल फक्त १ च्या जागी करायचा. आपल्या ओळीत आठव्या, नवव्या आणि दहाव्या जागेवर १. मग धाग्याचा ३० सुरक्षित राहतो आणि ताऱ्याच्या जागी तीन वेळा १४ येतो. मूळ ओळीतून ही नवी ओळ वजा केली की उरतात ४६, १९६, ५६. हा झाला 'फक्त तारे' असा दुसरा तक्ता. पुढे कधीही बेरीज करून तारे परत बसवता येतात.

मग सगळा प्रश्न येतो मास्क बरोबर बनण्यावर. संगणक तारा ओळखतो तो गोल, बारीक, मधे तेजस्वी आणि कडेला झपाट्याने मावळणारा म्हणून. मास्क छोटा पडला तर ताऱ्याच्या कडेचा उजेड मागे राहतो आणि तारा काढल्यावर तिथे बांगडीसारखं वर्तुळ दिसतं. मोठा झाला तर शेजारचा धागा गिळतो. कडा कापल्यासारखी तीक्ष्ण असेल तर ठिगळ दिसतं, म्हणून मास्कची कडा थोडी पुसट करतात. पूर्वी हे सगळं हाताने, तासन्‌तास बसून करत. आता बहुतेक जण स्टारनेटसारखं साधन वापरतात. ते एक न्यूरल नेटवर्क आहे. तारे असलेल्या आणि नसलेल्या चित्रांच्या जोड्या दाखवून त्याला शिकवलेलं असतं. ते तारे ओळखतं आणि त्यांच्या मागे काय असावं याचा अंदाज बांधून ती जागा भरतं. सिरिल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्टारनेट वेगळं बसवून घेतलं की दोन ओळींचं काम उरतं:

```
load veil
starnet -stretch
```

यातून दोन फाइली मिळतात, `starless_veil.fit` आणि `starmask_veil.fit`. दुसरी फाइल म्हणजे आपली वहीतली वजाबाकीच, मूळ वजा तारकाविरहित. `-stretch` लिहायचं कारण असं, की अजून न ताणलेला फोटो त्या साधनाला नीट वाचता येत नाही. म्हणून तात्पुरता ताण देऊन काम झाल्यावर तो परत उतरवला जातो. एक गोष्ट मात्र यापूर्वी उरकावी लागते, ती म्हणजे रंगांची जुळणी. ती ताऱ्यांच्या ठाऊक असलेल्या रंगांवरून केली जाते. तारे गेल्यावर जुळवणार कशावरून? आमच्या पोराने पहिल्या खेपेला हेच उलट केलं आणि सगळा व्हेल जांभळा करून बसला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ, खोटा की खरा?

ताऱ्याच्या जागी आपण १४ लिहिला. तो १४ कॅमेऱ्याने मोजला होता का? नाही. तो शेजाऱ्यांवरून काढलेला अंदाज आहे. काही जण म्हणतात, ताऱ्याचा आकार आपल्याला माहीत आहे, तो नेमका वजा केला तर खालचा तेजोमेघ मोजून मिळेलच की. कागदावर हे बरोबर आहे, प्रत्यक्षात नाही. प्रकाश कणांनी येतो आणि कण मोजताना चढउतार होतातच. साधारण नियम असा की जेवढे कण मोजले त्याच्या वर्गमुळाएवढा चढउतार. समजा एका चौकटीत ताऱ्याचे १०,००० कण आले, तर चढउतार १०० चा. आणि त्या जागी तेजोमेघाचे कण समजा वीसच आहेत. ताऱ्याचा आकार अगदी अचूक वजा केला तरी शंभराच्या गोंगाटात वीस ऐकू येणार नाहीत. त्यात तेजस्वी ताऱ्याने चौकट काठोकाठ भरून गेली असेल तर तिथे माहितीच उरत नाही. तेव्हा ताऱ्यांमागचे ते बिंदू अंदाजाचेच राहणार. दोन ताऱ्यांच्या मधली जागा मात्र खरी मोजलेली असते, आणि तेजोमेघाचा आकार आपल्याला दिसतो तो मुख्यतः तिथूनच. छोटे तारे असतील तर अंदाजाची जागा थोडी. मोठा तारा असेल तर बरीच.

व्हेलच्या पश्चिम भागात, एनजीसी ६९६० मध्ये, नेमका असा एक मोठा तारा आहे, ५२ सिग्नी. अंधाऱ्या आकाशात तो नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. त्याचा व्हेलशी काही संबंध नाही. तो आपल्या कितीतरी जवळ आहे, फक्त एकाच दिशेला असल्यामुळे धागा त्याच्यामधून गेल्यासारखा वाटतो. त्याच्या भोवती दुर्बिणीतल्या काचांमुळे मोठं तेजोवलय पडतं. आमच्या पोराच्या तारकाविरहित फोटोत तारा गेला, पण वलय राहिलं, आणि त्या वलयाच्या मध्यात एक सुंदर वळणदार धागा उगवला. मी त्याला फोन केला. म्हटलं, "अरे, हा धागा मूळ फोटोत दाखव मला."

तो म्हणाला, "सर, मूळ फोटोत तिथे तारा आहे ना."

"मग तुला कसं कळलं तिथे धागा आहे?"

बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पण सर, मी तपासलं होतं. दोन्ही फाइलींची बेरीज केली की मूळ फोटो जसाच्या तसा येतो. एका बिंदूचाही फरक नाही."

ही चूक हुशार मुलंच करतात, आणि आपल्या वर्गात रोज दिसते. ताऱ्यांची फाइल बनलीच मुळी मूळ वजा तारकाविरहित अशी. मग बेरीज जुळणारच! १०० मधून तुम्ही मनाने ३७ वजा केलेत, ६३ उरले, आणि ६३ अधिक ३७ बरोबर १०० आले म्हणून ३७ खरा ठरत नाही. त्या जागी उद्या हत्तीचं चित्र काढलं तरी बेरीज जुळेल.

खरी तपासणी वेगळी आहे, आणि ती कोणालाही जमते. ताऱ्यांची फाइल उघडा आणि तीच जोरात ताणा. त्यात फक्त गोल ठिपके दिसले पाहिजेत. धाग्याची सावली, धुराचा पट्टा काही दिसलं तर समजा तेजोमेघाचा तुकडा ताऱ्यांच्या बाजूला गेला. आपल्या ओळीत मास्क नसता तर चौथ्या जागी ३० वजा १३, म्हणजे १७ उरले असते, तसंच हे. मग मूळ आणि तारकाविरहित फोटो एकावर एक ठेवून भराभर आलटून-पालटून बघा. जे काही फक्त दुसऱ्यातच दिसतं त्याच्यावर संशय घ्या. आणि शक्य असेल तर वेगळ्या दुर्बिणीने कोणीतरी काढलेल्या फोटोशी ताडून बघा. दुसऱ्या दुर्बिणीत ताऱ्याचं वलय वेगळ्या मापाचं असतं, त्यामुळे खरा धागा असेल तर तो तिथेही डोकं वर काढतो.

उलटी चूकही होते. जे तारे नाहीत तेही काढलं जातं. लांबची चिमुकली दीर्घिका किंवा लहानसा ग्रहीय तेजोमेघ ठिपक्यासारखाच दिसतो, साधन त्याला तारा समजून उचलतं. तो हरवत नाही, ताऱ्यांच्या फाइलीत पडून असतो. म्हणून ती फाइल कधीही पुसू नये असं मी सांगतो.

काहीही अंदाज न करता तारे काढण्याची एक रीत आहे आणि संशोधक ती वापरतात. तारा जवळपास सगळ्या रंगांत चमकतो, तेजोमेघ मात्र मोजक्याच रंगांत. उदाहरणार्थ हायड्रोजनचा लाल रंग, ६५६.३ नॅनोमीटर. मग एक फोटो त्या रंगाच्या अरुंद फिल्टरमधून घ्यायचा, दुसरा शेजारच्या अशा रंगात जिथे तेजोमेघ चमकत नाही. दोन्हींतले तारे सारख्या तेजाचे होतील असं गुणून वजाबाकी करायची. तारे जातात, हायड्रोजन उरतो. चिलीतल्या सेरो टोलोलो इथून दक्षिण आकाशाचं हायड्रोजन सर्वेक्षण झालं, ते २००१ साली प्रसिद्ध झालं, त्यात हीच युक्ती होती. तिथेही तेजस्वी ताऱ्यांच्या जागी डाग राहतातच, वर्गमुळाचा नियम कोणालाच सोडत नाही. पण निदान डाग डागासारखा दिसतो, धाग्याचं सोंग घेत नाही. मला या रीतीतली ही गोष्ट आवडते.

आता दुसऱ्या पालकांकडे वळतो, ज्यांना तारे नसलेलाच फोटो आवडला. त्यांचंही चूक नाही. व्हेलच्या मधल्या भागात एक फिकट त्रिकोणी पसारा आहे, पिकरिंगचा त्रिकोण. (तो १९०४ साली छायाचित्रांच्या काचेवर शोधला विल्यमिना फ्लेमिंग यांनी, नाव मात्र मिळालं त्यांच्या वेधशाळेच्या संचालकांना. हेही मुलींना जरूर सांगा.) पहिल्या फोटोत तो मला स्वतःला दिसला नव्हता. तारे बाजूला केल्यावर त्याचे धागे एकमेकांत कसे विणलेत, लाल हायड्रोजन कुठे आणि निळसर-हिरवा ऑक्सिजन कुठे, हे पहिल्यांदा कळलं. आणि एकदा कळल्यावर पहिल्या फोटोतही दिसू लागलं! नकाशावर शहरांची नावं झाकून नुसत्या नद्या दाखवतो, तसा याचा उपयोग. तो नकाशा खोटा नसतो, अपुरा असतो, आणि अपुरा आहे हे आपण मुलांना सांगतो.

शेवटी तारे परत बसवतात. दोन्ही फाइली आपापल्या परीने ताणल्या, धागे जोरात, तारे बेताने, की साधी बेरीज चालत नाही. कमाल मूल्य १ धरलं आणि ताणलेला धागा ०.६, तारा ०.५ असेल तर बेरीज १.१, म्हणजे मर्यादेबाहेर, नुसता पांढरा डाग. म्हणून हे सूत्र वापरतात:

```
1-(1-starless)*(1-stars)
```

०.६ आणि ०.५ घातले की ०.८ येतात. कितीही मोठे आकडे घाला, उत्तर १ च्या वर जात नाही. आठवीच्या मुलांना विचारा का जात नाही ते. कंसातल्या दोन्ही संख्या ० ते १ मधल्या, हे कोणीतरी सांगतंच.

आमच्या पोराने ५२ सिग्नीभोवती हाताने मास्क काढला, तो उगवलेला धागा काढून टाकला आणि त्या जागी मूळ फोटोतलं वलय तसंच ठेवलं. फोटो थोडा कमी देखणा झाला. आता फळ्यावर तीन फोटो आहेत, ताऱ्यांसकट मूळ, नुसता तेजोमेघ आणि नुसते तारे. मधल्या फोटोखाली त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून दिलंय, "तारे संगणकाने काढले आहेत. ताऱ्यांच्या जागचे बिंदू मोजलेले नाहीत." पुढच्या पालकसभेला या, नुसत्या ताऱ्यांच्या फोटोत वरच्या डाव्या कोपऱ्यात एक हलकी लाल रेघ अजून आहे. ती तिथे का आहे हे आमच्या आठवीच्या मुलांना विचारा.